तांबं-पोलादाचा जोडदांडा: गणितात सांधा ८० अंशांवर, हातात मात्र ७०

खटपट्या_रत्नांग्री

लेकीच्या अकरावीच्या प्रकल्पासाठी एक दांडा केलाय. दोन सेंटीमीटर जाडीचा, ३० सेंमी तांबं आणि त्यापुढे १५ सेंमी साधं पोलाद, म्हणजे एमएस. दोन्ही तोंडं लेथवर फेस करून घेतली आणि शिकंज्यात दाबून एकमेकांना भिडवली. तांब्याचं टोक वाफेच्या डब्यात, पोलादाचं बर्फाच्या पाण्यात. सांध्यापासून ५ मिमीवर तांब्यात बारीक भोक पाडून थर्मोकपल बसवलाय.

पोरीने पुस्तकी रीतीने सांध्याचं तापमान काढलं ते ८० आलं. प्रत्यक्षात पाऊण तास थांबलो, काटा ७० वर येऊन बसला तो हलेना. मीटर उकळत्या पाण्यात घालून तपासला, बरोबर आहे. एखाद-दुसरा अंश असता तर सोडून दिलं असतं. दहा अंश कुठे गेले?

तिरकस_तात्या

पुण्यात पाणी ९८ लाच उकळतं. तुमची सुरुवातच चुकली.

खटपट्या_रत्नांग्री

तात्या, आयडीत गावाचं नाव लिहिलंय. घरातून समुद्र दिसतो. आमच्याकडे १०० च.

रमतगमत

मुळात ८० कसं आलं तेच कळलं नाही. तांब्याची वाहकता ४०० धरली, पोलादाची ५०. लांबीच्या हिशेबाने सरासरी काढली तर पूर्ण दांड्याची २८३ येते. एका टोकाला १००, दुसऱ्याला शून्य, सांधा दोन तृतीयांश अंतरावर. म्हणजे ३३ नको का यायला? शिवाय तांबं चांगलं वाहक, मग उष्णता त्यातून भराभर उतरून जाणार. तापमानही तिथेच जास्त पडायला हवं.

उष्मांक

रमतगमत, तुमची गाडी नेमकी उलट्या रस्त्याला लागलीय, पण या वळणावर बहुतेकजण चुकतात. कॉलेजात हीटची प्रॅक्टिकल्स घेताना हे दरवर्षी ऐकतो.

पाऊण तासाने काटा हलायचा थांबला, याचा अर्थ दांड्यात कुठेही उष्णता साठत नाही आणि कुठली कमीही होत नाही. मग सांध्यापाशी तांब्यातून सेकंदाला जेवढी येते तेवढीच पोलादात शिरणार. तांबं कितीही दिलदार असलं तरी पुढे पोलाद घेईल तेवढंच ते देऊ शकतं. प्रवाह दोघांत सारखा आणि पोलादाला तो पुढे रेटणं जड जातं, म्हणून तापमानाचा मोठा उतार पोलादात पडतो. तांब्याला थोडक्या उतारावर भागतं.

आता आकडे. लांबी भागिले वाहकता, हा झाला त्या तुकड्याचा अडथळा. तांब्याचा ०.३० ÷ ४००, म्हणजे ०.०००७५. पोलादाचा ०.१५ ÷ ५०, म्हणजे ०.००३. जाडी दोघांची एकच असल्याने क्षेत्रफळ इथे घ्यायचं कारण नाही. एकूण अडथळा ०.००३७५, त्यात तांब्याचा वाटा एक पंचमांश. शंभर अंशांचा एक पंचमांश तांब्यात पडला, राहिले ८०. पोरीचं उत्तर बरोबर आहे.

सरासरीचं म्हणाल तर एकामागे एक लावलेल्या तुकड्यांत अडथळ्यांची बेरीज होते, वाहकतांची सरासरी नाही. ०.४५ मीटरला ०.००३७५ ने भागा, पूर्ण दांड्याची वाहकता १२० येते. तुमच्या २८३ ने हिशेब केला तर उष्णता दुपटीहून जास्त वाहताना दिसेल. आणि ३३ हे उत्तर तर वाहकता कोणतीही घ्या, तेच येणार. सगळा दांडा एकाच धातूचा असता तर ते खरं होतं.

अर्धवट_इंजिनियर

उष्मांक सर, ही झाली वरवरची पद्धत. दोन धातू भिडले की मधलं तापमान नुसत्या वाहकतेवर ठरत नाही. घनता आणि विशिष्ट उष्णताही त्यात येतात. वाहकता, घनता आणि विशिष्ट उष्णता यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढायचं, त्या वजनाने दोन्ही तापमानांची सरासरी घ्यायची. तांब्याचं साधारण ३७,००० येतं, पोलादाचं १३,६००. १०० चं तांबं आणि शून्याचं पोलाद भिडवलं तर ७३ अंश. धागाकर्त्याला ७० मिळालेत. आणखी काय पाहिजे?

उष्मांक

सूत्र खरं आहे, फक्त ते या प्रश्नाचं नाही. आख्खं तांबं १०० ला तापवून घेतलं, आख्खं पोलाद शून्याला गार केलं आणि मग दोन्ही एकमेकांना टेकवली, तर पहिले काही क्षण सांधा ७३ च्या आसपास राहील. टोकांना काय चाललंय त्याची खबर सांध्यापर्यंत पोचायच्या आतलं ते गणित आहे. अनवाणी पायाला फरशी गार लागते आणि पाट लागत नाही, तिथे ते चालतं. इथे पाऊण तास उलटलाय. या लांबीच्या दांड्याला स्थिर व्हायला अर्धा तास पुरतो, तेव्हा ७३ आणि ७० जवळ आले हा योगायोग समजा.

पडताळा सोपा आहे. तुमच्या सूत्रात लांबीच नाही. पोलाद कापून साडेसात सेंमी केलं तर तुमच्या मते सांधा ७३ लाच राहायला हवा. माझ्या हिशेबाने पोलादाचा अडथळा निम्मा होईल, तांब्याचा वाटा एक तृतीयांशावर जाईल आणि सांधा ६७ वर येईल.

खटपट्या_रत्नांग्री

कापायचं काम नाही हो! लेथवाल्याने आधीच तोंड वाकडं केलं होतं.

पोफळी

दादा, दांडा उघडाच आहे की काही गुंडाळलंय? आणि टोकांना खरंच १०० आणि शून्य आहे का? म्हणजे वाफेचं आणि बर्फाचं तापमान नाही विचारत, धातूचं विचारतेय.

खटपट्या_रत्नांग्री

उघडाच आहे. पंखा बंद होता, एवढी काळजी घेतली. टोकांचं गृहीतच धरलं होतं.

उष्मांक

पोफळीताईंनी नस पकडली. उघडा दांडा! पोरीच्या सूत्रात डावीकडून शिरलेली सगळी उष्णता उजवीकडून बाहेर पडते, वाटेत कुठे गळती नाही. तुमच्याकडे किती गळतेय बघा.

गळती नसती तर या दांड्यातून ८ वॉटच्या जवळपास उष्णता गेली असती, रात्री लावायच्या लहान बल्बएवढी. आता तांब्याचा नुसता बाहेरचा पृष्ठभाग धरा. घेर ६.३ सेंमी, लांबी ३०, म्हणजे १८८ चौरस सेंमी. तांबं सरासरी ८२-८३ अंशांवर, तुमची खोली ३० ला, फरक ५० च्या पुढे. स्थिर हवेत उघड्या धातूवरून दर चौरस मीटरला दर अंशामागे १० वॉट जातात असं ढोबळ धरलं तरी जवळजवळ १० वॉट होतात. सांध्यापलीकडे ८ वॉट पोचवायचे आणि वाटेत १० सांडायचे, असा हा पाटाच्या पाण्यासारखा प्रकार झाला. वाफेकडून तांब्यात १८ च्या आसपास शिरत असणार. सुरुवातीच्या तांब्यातून दुपटीने उष्णता वाहिली की तिथला उतारही दुप्पट, म्हणून सांधा खाली आला.

गंमत म्हणजे बर्फाला याचा फारसा पत्ता लागत नाही. पोलादाच्या गार टोकाला हवेतूनच थोडी उष्णता मिळते, त्यामुळे बर्फ वितळायचा वेग थोडासाच घटतो. नुसतं वितळलेलं पाणी मोजून वाहकता काढली असती तर प्रयोग झकास झाला असं वाटून तुम्ही निवांत झोपला असतात.

आता तीन गोष्टी करा. दोन्ही टोकांना, डब्यांच्या भिंतीलगत, भोकं पाडून धातूचं तापमान घ्या. दांड्याला ग्लासवूल जाड गुंडाळा. आणि पोलादातही सांध्यापासून ५ मिमीवर एक भोक पाडा. बर्फाचं पाणी सतत ढवळत राहा, नाहीतर टोकाभोवती कोमट पाण्याचा थर साचून बसतो.

बगॅसभट्टी

मी साखर कारखान्यात बॉयलरवर तीस वर्षं काढली. तुमचा सांधा दहा अंशांनी चुकला तर गुण जातील, आमचा चुकला की ट्यूब फुटते.

ट्यूबची भिंत चार-साडेचार मिलीमीटरची, पोलादाचीच. आतून पाण्याच्या क्षारांची पपडी धरते. एक मिलीमीटर पपडी म्हणजे काय, नखाएवढी. पण तिची वाहकता एकाच्या आसपास आणि पोलादाची ४५. उष्मांकसाहेबांच्या रीतीने भागाकार केला तर पोलादाचा अडथळा ०.००००९ आणि पपडीचा ०.००१. अकरापट! भट्टीच्या बाजूला चौरस मीटरला १०० किलोवॉट ज्वाळ लागत असेल तर पोलादात ९ अंश पडतात आणि पपडीत १००. आतलं पाणी २५० ला असताना पपडी आणि पोलादाच्या सांध्यावर ३५० झाले. पपडी दोन मिलीमीटर झाली की ४५०. साधं पोलाद तिथे मऊ पडायला लागतं, आतल्या दाबाने ट्यूबला फुगा येतो आणि एके रात्री धडाम.

वाईट हे की गेजवर काही दिसत नाही. दाब तोच, पाण्याचं तापमान तेच. फक्त चिमणीचा धूर जरा गरम जातो आणि बगॅस जास्त लागतो. आमच्याकडे एका गळीत हंगामात पाण्याच्या प्रक्रियेत हयगय झाली होती. बंद करून ट्यूब कापली तेव्हा आतून चुनखडीच्या पाइपासारखी दिसली.

रमतगमत

बगॅसभट्टीकाका, मग तांब्याच्या बुडाच्या स्टीलच्या पातेल्याचं काय? त्याचाही असाच हिशेब?

बगॅसभट्टी

ते गृहखात्याला विचारा.

उष्मांक

पातेल्यात दोन्ही थर मिलिमीटरच्या आतले, दोघांचा अडथळा नगण्य. ज्वाळ ते बूड आणि बूड ते आमटी, खरा अडथळा तिथे. तांब्याचा उपयोग उष्णता आडवी पसरवायला, म्हणजे मधोमध करपत नाही. इथली बेरीज तिथे लावून हाती काही लागायचं नाही.

खटपट्या_रत्नांग्री

तीन दिवसांनी येतोय. ग्लासवूलने हात खाजवून खाजवून लाल झालेत, हे कोणी आधी सांगितलं नाही.

टोकं मोजली. वाफेकडचं ९७, बर्फाकडचं ५, जोरात ढवळूनसुद्धा. ग्लासवूल गुंडाळल्यावर तांब्याचं भोक ७० वरून ७७ वर चढलं! पोलादातलं नवं भोक ७१ दाखवतंय. म्हणजे सांध्यावरच सहा अंशांची उडी. पोरगी विचारतेय की सांध्याचं तापमान म्हणून वहीत कोणतं लिहू?

अर्धवट_इंजिनियर

सहा अंश सांध्याच्या फटीचे. लेथवर कितीही घासलं तरी दोन तोंडं मोजक्या उंचवट्यांवरच टेकतात, बाकी मधे हवा. हा संपर्काचा अडथळा.

उष्मांक

या वेळी रस्ता बरोबर धरलात, पण सहाच्या सहा फटीच्या खात्यावर टाकू नका. पोलादात सेंटीमीटरला जवळजवळ ५ अंशांचा उतार आहे. सांध्यापासून भोकापर्यंतच्या ५ मिमीतच सव्वादोन-अडीच अंश गेले. तांब्याच्या ५ मिमीत पाव-अर्धा अंश. राहिले साडेतीन, ते फटीचे. तांब्यातलं भोक मिलीमीटरने इकडेतिकडे झालं तर कुणाला कळणार नाही, पोलादातलं झालं तर अर्ध्या अंशाचा फटका. भोकाचं अंतर कॅलिपरने मोजून लिहा.

वहीत दोन तापमानं लिहा. तांब्याच्या तोंडाचं ७७ च्या जरा खाली, पोलादाच्या तोंडाचं साडेत्र्याहत्तरच्या आसपास. पुस्तकात सांधा एकच असतो कारण तिथे दोन्ही धातू अणूला अणू लागून बसलेत असं धरलेलं असतं. तुमच्या दांड्यात तिसरा तुकडा आहे, जाडी जवळजवळ शून्य आणि अडथळा सुमारे ०.०००१५. तांब्याच्या ३० सेंमीच्या अडथळ्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे त्या कोरड्या फटीत ६ सेंमी तांबं लपलंय म्हणा. शिकंजा आवळला की हा अडथळा कमी होईल, ढिला केला की वाढेल. त्यावरूनच ओळखायचं की दोष सांध्याचा आहे की भोकाच्या जागेचा.

आणि ८० ची वाट बघू नका. टोकं ९७ आणि ५ म्हटल्यावर फरक ९२ चाच राहिला. त्याचा पाचवा हिस्सा वजा केला की ७८.६. तुमचं खरं लक्ष्य ते.

पोफळी

कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे प्रोसेसरवर लावायची पेस्ट मिळते. ती चिमूटभरच लावा, बोटभर थापलीत तर तिचाच थर आडवा येईल.

खटपट्या_रत्नांग्री

पेस्ट लावली. जुनी घाण पुसून, पातळ. तांबं ७७ वरून ७६.५ वर आलं, पोलाद ७१ वरून ७३.५ वर गेलं. तांबं खाली का आलं म्हणून आम्ही दोघं पाच मिनिटं एकमेकांकडे बघत बसलो, मग पोरीलाच सुचलं. फट बुजली, आता पोलाद जास्त ओढून घेतंय, म्हणून तांब्यात उतार वाढला.

तरी ७८.६ नाहीच.

उष्मांक

पोरीला शाबासकी सांगा.

उरलेल्या दोन-अडीच अंशांत काही वाटा ग्लासवूलचा, त्यातूनही थोडं गळतंच. बाकी मला त्या ४०० आणि ५० चा संशय आहे. तांबं कुठून आणलंत?

खटपट्या_रत्नांग्री

भंगारवाल्याकडून, वजनावर. पाऊण किलोच्या वर भरलं. पोलाद गेटवाल्या फॅब्रिकेटरकडचं.

उष्मांक

मग झालं. ४०० हा शुद्ध तांब्याचा आकडा. ओतताना फॉस्फरस घातलेलं असेल तर ते ३००-३५० वर येतं, दिसायला तितकंच लालबुंद असलं तरी. पोलादही कार्बनप्रमाणे ४५ पासून ६० पर्यंत कुठेही असू शकतं. टोकं तीच ठेवून पोलाद ६० धरलं तर उत्तर ७८.६ चं पावणेशहात्तर होतं. तेव्हा तुमचा आकडा चुकला की माझा, हे या सामानावर सांगता येणार नाही. उलटा विचार करा. मोजलेल्या उतारांवरून दोन वाहकतांचं गुणोत्तर काढा, ते तरी तुमच्याच दांड्याचं असेल.

तिरकस_तात्या

एवढं करण्यापेक्षा दांडा उलटा लावा. पोलाद वाफेत, तांबं बर्फात. उत्तर २० यायला हवं ना? बघा येतं का.

उष्मांक

तात्या, आज तुम्ही कामाचं बोललात. मी आत्ताच आकडेमोड केली, तर उघड्या दांड्यावरसुद्धा २१ च्या पुढे जात नाही. पोलाद गरम म्हणून ते हवेला देणार, तांबं खोलीपेक्षा गार म्हणून ते हवेकडून घेणार, आणि सांध्यापाशी दोन्ही चुका जवळपास एकमेकींना खातात. मूळ मांडणीत जी गळती दहा अंश गिळत होती ती इथे जेमतेम अंशाभराची. टोकं मात्र पुन्हा मोजा.

खटपट्या_रत्नांग्री

रविवारी केलं. टोकं ९८ आणि ४, म्हणजे हिशेबाने २२.८ यायला हवं. तांब्याच्या भोकात २६ येतंय. पेस्ट नवीन लावली, ढवळणं चालूच होतं, ग्लासवूल तेच. काढून बघितलं तर तांब्याकडचं ग्लासवूल ओलं गच्च, पिळलं तर थेंब पडले. बर्फाचं भांडं गळत नाहीये, दोनदा बघितलं.

पोफळी

मे महिना, रत्नागिरी, आणि ४ अंशांचं तांबं! हवेतलं दमट त्यावर येऊन बसलं. वाफेचं पाणी होताना ती स्वतःची उष्णता तांब्याला देऊन जाते, शिवाय ओलं ग्लासवूल थोपवत काहीच नाही.

उष्मांक

पटतंय, पण तीन अंश? माझ्या हिशेबाने दवाने दोनेक वर जायला नको. वरून प्लॅस्टिकची पिशवी घट्ट चिकटपट्टीने बंद करून परत घ्या, तोवर मी काही ठामपणे बोलत नाही.

खटपट्या_रत्नांग्री

पिशवी आणली. बर्फ संपलाय, मासळीवाल्याकडे पोरीला पाठवलंय.